जरिनाची कात्री आणि जगदाळ्यांचं रक्त

जरिना मुजावर रोज नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला, झुबेदाला, कधी नीट सांगता आलं नाही. स्थळ घेऊन आलेल्या बायका विचारायच्या, तेव्हा झुबेदा सांगायची की पोरगी दवाखान्याच्या कॉलेजात फोटो कापते. बायका चहा संपवायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. सांगलीच्या गणपती पेठेत शिवणकाम करणारा बाप, बादशहा, याला त्यात काही वावगं वाटत नसे. त्याच्या मते कात्री हातात असलेलं माणूस उपाशी मरत नाही.

झुबेदाचं म्हणणं खोटंही नव्हतं. जरिना साताऱ्याला मावशीकडे राहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि सांगलीजवळच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजात शरीररचना विभागाच्या मागच्या एका खोलीत तंत्रज्ञ म्हणून लागली होती. माणसाच्या रक्तातल्या पेशीतली गुणसूत्रं पाहायची, त्यांचा फोटो काढायचा, फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं, जोड्या लावायच्या आणि जाड कागदावर उतरत्या क्रमानं चिकटवायचं, हे तिचं काम. अशा मांडणीला कॅरिओटाइप म्हणतात. खोली उभी केली होती डॉक्टर विजयमाला निंबाळकर यांनी. मुंबईला शिकून आलेल्या बाई. फार बोलत नसत आणि विनोद केला तर तो दुसऱ्या दिवशी कळायचा.

खोलीत उणिवा होत्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपण होऊन विभागत नाहीत, त्यांना डिवचावं लागतं. ते डिवचणारं औषध परदेशातून यायचं आणि बहुतेक वेळा यायचंच नाही. मग विजयमालाबाईंनी कोरेगावचा घेवडा आणवला, भिजवून वाटला, त्याचा अर्क गाळून घेतला. तो चालला. विभागप्रमुखांनी खर्चाच्या कागदावर 'घेवडा' हा शब्द पाहून सही करायला आठवडा लावला.

एकोणीसशे शहात्तरच्या हिवाळ्यात म्हसवडजवळच्या एका वाडीतनं मानसिंग जगदाळे आला. लष्करात हवालदार, रजेवर. सोबत बायको राहीबाई आणि चार वर्षांची मुलगी मनू. मनू उशिरा चालायला लागली होती, शब्द थोडे बोलायची, डोळे किंचित तिरपे, आणि कुणीही हात पुढे केला की त्याच्या कडेवर जायची. आल्या आल्या ती जरिनाच्या पांढऱ्या कोटाचा खिसा धरून उभी राहिली आणि रक्त काढून होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

मनूनंतर राहीबाईचे दोन गर्भ गळाले होते. तिची सासू रंगूबाई हिनं निदान आधीच केलं होतं. मनू पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि सुनेनं त्या वेळात भाजी चिरली होती. राहीबाई म्हणत होती की चिरली नाही. चार वर्षं यावर वाद चालला होता. आता दहिवडीकडची एक मुलगी बघून ठेवली होती, मानसिंगच्या दुसऱ्या लग्नासाठी. लष्करातल्या डॉक्टरनं मानसिंगला सांगितलं होतं की काही ठरवायच्या आधी तिघांचं रक्त तपासून घे. मानसिंग हुकूम पाळणारा माणूस होता.

पहिलं मनूचं रक्त लावलं. विजयमालाबाईंनी चेहरा पाहूनच सांगितलं होतं की डाऊन्स सिंड्रोम आहे. म्हणजे शेहेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस गुणसूत्रं निघणार, एकविसाव्या नंबरचं एक जास्त. जरिनानं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली तर शेहेचाळीस. दुसऱ्या पेशीत शेहेचाळीस. सगळीकडे शेहेचाळीसच. तिनं बाईंना बोलावलं. बाईंनी मोजली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बाई म्हणाल्या, "फोटो काढा. कापून बघू."

फोटो कापल्यावर कळलं. एकसारख्या दिसणाऱ्या गुणसूत्रांचे लांबीप्रमाणे आणि कंबर, म्हणजे आवळलेला भाग, कुठे आहे त्याप्रमाणे गट करतात. सर्वांत मोठी पुढे, बारकी शेवटी. तेरा, चौदा, पंधरा या मधल्या नंबरांची मिळून सहा असायला हवीत, कंबर अगदी वरच्या टोकाला असलेली. मनूची पाचच भरली. शेवटच्या बारक्या गटात एकविसाची जोडी होती, बाविसाची होती, सगळं ठीक. पण मधे एक गुणसूत्र उरलं, ज्याला जोडीदार नव्हता. जरिनानं ते बोटावर घेऊन सगळ्या गटांशेजारी धरून पाहिलं. मग बाईंनी दुसरी काचपट्टी ट्रिप्सिन या पाचक रसातनं काढून रंगवून घेतली. त्यानं प्रत्येक गुणसूत्रावर आडवे पट्टे उमटतात आणि प्रत्येक नंबरचे पट्टे निराळे असतात, जशी पेठेतल्या साड्यांची किनार. उरलेल्या गुणसूत्राची एक बाजू चौदाची होती आणि दुसरी एकविसाची. दोन गुणसूत्रं टोकाशी चिकटून त्यांचं एक झालं होतं. शिवाय एकविसाची पूर्ण जोडी वेगळी होतीच. म्हणजे मोजणी शेहेचाळीस, पण एकविसाचा माल दोनाच्या जागी तीन वाटे.

"हे आईबापांपैकी कुणाकडून तरी आलं असणार," बाई म्हणाल्या. "किंवा हिच्यातच नव्यानं झालं असेल. दोघांचं बघू."

राहीबाईचं रक्त स्वच्छ निघालं. शेहेचाळीस, सगळ्या जोड्या जागेवर. मानसिंगच्या वेळी घोटाळा झाला, आणि तो जरिनाच्या हातून झाला.

रक्त घेवड्याच्या अर्कासह तीन दिवस उबवायचं असतं. शेवटच्या दिवशी त्यात कोल्चिसिन या औषधाचे थेंब टाकायचे आणि साधारण दोन तासांनी पेशी बाहेर काढायच्या. जरिनानं थेंब टाकले आणि इतक्यात निरोप आला की सगळ्या कर्मचाऱ्यांनी मैदानावर जमायचं आहे, कुटुंबनियोजनावर भाषण आहे. हजेरी घेणार होते. आणीबाणीच्या त्या वर्षी हजेरी चुकवण्याची हिंमत कुणात नव्हती. पाहुणे उशिरा आले, पण बोलले पोटभर. जरिना परत आली तेव्हा दिवस कलला होता. तिनं पुढचं सगळं नेहमीप्रमाणे केलं. काचपट्टीवर बघितलं तर गुणसूत्रं आखडून तिळासारखी झालेली. मोजता येत होती, ती पंचेचाळीस भरत होती, पण कोणतं कोण हे ओळखणं शक्य नव्हतं. आणि काचेवर थेंब टाकताना एखादं गुणसूत्र उडून हरवलं असेल तर पंचेचाळीसालाही अर्थ नव्हता.

तिनं बाईंना सरळ सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं की भाषण चांगलं होतं का.

मानसिंगला पुन्हा बोलावलं. रजेचे मोजके दिवस उरले होते. दुसऱ्यांदा रक्त दिल्यावर तो खोलीतनं हलेना. तिळाची काचपट्टी त्याला बघायची होती. जरिनानं डोळा लावायला दिला. तो बराच वेळ वाकून राहिला.

"ही एरवी अशी दिसत न्हाईत काय?" त्यानं विचारलं.

एरवी ती लांब धाग्यांसारखी पेशीत पसरलेली असतात, जरिना म्हणाली, गुंता कळत नाही. पेशी दुभंगायच्या आधी मात्र ती आखडून जाड होतात आणि मधोमध रांगेत येतात. तेव्हा प्रत्येकाच्या दोन प्रती तयार असतात, कंबरेला जोडलेल्या. मग दोन्ही टोकांकडून बारीक दोऱ्या येऊन त्या प्रती अलग ओढून नेतात. फोटो काढायचा तर ओढण्याच्या आधीच, पण प्रत्येक पेशी आपापल्या वेळेला तिथं पोचते आणि तो क्षण थोडाच टिकतो.

"मग तुमी काय करता?"

"त्या दोऱ्या बारक्या तुकड्यांच्या बनतात. कोल्चिसिन त्या तुकड्यांना चिकटतं. दोरी बनतच नाही. ओढणारं कुणी नाही, म्हणून जी पेशी तिथं पोचेल ती तिथंच उभी राहते. दोन तासांत बऱ्याच जमतात."

मानसिंगनं मान हलवली. "थम."

"काय?"

"कवायतीत म्हनतो आमी. थम म्हटलं की पाय उचललाय तिथंच. मग फोटू काडायचा." त्यानं पुन्हा डोळा लावला. "पन ही बारकी का झाली?"

"उभं ठेवलं की ती आखडतच जातात. मी जास्त वेळ ठेवलं. चूक माझी."

"व्हतंय," मानसिंग म्हणाला. "उनात जास्त येळ उबा केला तर जवानबी पडतो."

या वेळी तिसऱ्या दिवशी जरिना इन्क्युबेटरपाशी स्टूल टाकून बसली. कोल्चिसिननंतर वेळेवर पेशी काढल्या, फिरवून तळाशी बसवल्या, कोमट पातळ क्षारात ठेवल्या. त्यात पेशी पाणी पिऊन फुगतात आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी होतात. मग मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या गार मिश्रणानं पक्क्या केल्या आणि थंड ओल्या काचेवर उंचावरून थेंब सोडला. थेंब पसरला, फुगलेल्या पेशी फुटल्या, रंग दिला.

पंचेचाळीस. पुढच्या पेशीत पंचेचाळीस. एकदोन पेशींत कमी भरलं असतं तर हरवलं म्हणता आलं असतं. बघितली तेवढी प्रत्येक पेशी पंचेचाळीस दाखवत होती. फोटो कापला. मानसिंगकडे एक सुटं चौदा, एक सुटं एकवीस, आणि ते चिकटलेलं जोडगुणसूत्र. माल पुरेपूर, कमी नाही जास्त नाही, म्हणून माणूस धडधाकट. पण मूल होताना वाटणी करायची वेळ आली की घोळ व्हायचा. कुणाला बरोबर वाटा, कुणाला जास्त, कुणाला कमी. कमी पडलेला गर्भ टिकत नाही, जास्त पडलेलाही बऱ्याचदा गळतो.

निकाल विजयमालाबाईंनी नवराबायकोला समोर बसवून सांगितला. जरिना कागद धरून उभी होती. बाईंनी स्पष्ट केलं की यात कुणाचा दोष नाही, कुणी काही केल्यानं हे झालेलं नाही, आणि बापाकडून येत असेल तेव्हा पुढच्या मुलाला असं होण्याची शक्यता बरीच कमी असते. चांगलं मूल होऊ शकतं.

राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन गिराण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

"भाजी चिरली असती तरीबी?"

"तरीही नाही."

राहीबाईनं मनूचा फ्रॉक खाली ओढून नीट केला. तो नीटच होता. ती पुन्हा ओढत राहिली. मानसिंग समोरच्या भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "दहिवडीची केली तरी एकवीस नंबर माजाच की वो."

"हो," बाई म्हणाल्या.

"मग नगं."

दहिवडीचं तिथंच मिटलं. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं की खोट असेल तर माझ्यात हाय, आणि गाडी पकडून पलटणीत गेला.

पंधरा दिवसांनी रंगूबाई स्वतः आली. राहीबाई मागे, मनू राहीबाईच्या कडेवर. रंगूबाईनं दारातच बाही वर केली. तिचं म्हणणं सोपं होतं. लेकाच्या रक्ताला नाव ठेवलं म्हणजे आईच्या रक्ताला ठेवलं. तिच्या माहेरात सात पिढ्या कुणी वेडंवाकडं नाही. ते कागदावर यायला पाहिजे. विजयमालाबाईंनी समजावलं की निकाल काहीही निघू शकतो. रंगूबाई म्हणाली, "निगू दे. घ्या."

रक्त काढताना तिनं कोल्चिसिनच्या बाटलीकडे बघितलं आणि हे औषध कशाचं असतं ते विचारलं. हे एका परदेशी कंदाचं, पण आपल्याकडच्या कळलावीतही हेच असतं, असं बाई म्हणाल्या. रंगूबाईला कळलावी माहीत होती. विषारी असते, असं तिनं जरिनाला बजावलं, आणि बोटं धुवून जेवत जा म्हणाली.

निकाल घ्यायला दोघी सासवासुना पुन्हा आल्या. शेहेचाळीस, तेवीस जोड्या, प्रत्येक जागेवर. जरिनानं कागद दाखवला. रंगूबाईनं एकेक जोडीवर बोट ठेवून बघितलं, तांदूळ निवडावेत तसं. तिचा चेहरा उजळला. राहीबाई खाली बघत होती. मग रंगूबाईचं बोट मधेच थांबलं.

"मग र्‍हायलं कोन?" ती म्हणाली.

विजयमालाबाई म्हणाल्या की कधीकधी हे मुलातच नव्यानं घडतं, तपासल्याशिवाय कुणाचं नाव घेता येणार नाही. रंगूबाईनं ते ऐकलं की नाही कळलं नाही.

"मान्सिंगाच्या आदी माजी पाच गेली," ती जरिनाला म्हणाली, बाईंना नाही. "तीन मैन्याची, चार मैन्याची. सासूनं सिद्धनाथाला नवस बोलायला लावलं. उपास लावलं. मालक इट्याला दुसरी पोरगी बगाय गेलं हुतं."

ती उठली. जाताना मनूला राहीबाईच्या कडेवरून तिनं आपल्याकडे घेतलं. जरिनानं हे पहिल्यांदा पाहिलं होतं. राहीबाईनंही बहुधा पहिल्यांदाच, कारण ती रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून तशीच चालत गेली.

मालक म्हणजे तिचा नवरा, लालासाहेब जगदाळे. वाडीत शब्दाला वजन असलेला माणूस. तो रक्त देणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवसांत त्याला दोष देता येत नव्हता. सरकारी दवाखान्याच्या आवारात गेलेला पुरुष नसबंदी होऊनच बाहेर येतो अशी बोलवा होती, आणि काही ठिकाणी ती नुसती बोलवा नव्हती.

महिन्याभरानं, दुपारच्या वेळी, फेटा बांधलेला एक उंच म्हातारा खोलीच्या दाराशी उभा राहिला. हातात हळदीची पिशवी. सांगलीच्या बाजारात हळद घ्यायला आलो होतो, असं त्यानं न विचारता सांगितलं. मग विचारलं, "हितं ते दुसरं आपरेशन करत न्हाईत न्हवं?"

"इथं फक्त रक्त घेतो," जरिना म्हणाली.

"दंडातनं?"

"दंडातनं."

त्यानं खोलीत नजर फिरवली, टेबलाखालीसुद्धा. मग पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तो भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होता. नाव विचारल्यावर म्हणाला, "लिवलंच पायजे काय?"

"मग कुणाचं कोणतं, ते कळणार कसं?"

"लिवा मग. पन घरी म्या सांगतो. तुमी न्हाई."

जरिनानं ते तिथंच कबूल केलं. पेशी लावल्या, उबवल्या, वेळेवर थांबवल्या. फोटो आला तेव्हा ती कात्री घेऊन बसली. कापायच्या आधीच तिला दिसलं होतं, इतक्या दिवसांत ते जोडगुणसूत्र तिच्या ओळखीचं झालं होतं. तरी तिनं सगळी पंचेचाळीस कापली, जोड्या लावल्या, चौदाच्या जागी एकटंच चौदा ठेवलं, एकविसाच्या जागी एकटंच एकवीस, आणि मधे ते जोडगुणसूत्र चिकटवलं. खळ वाळेपर्यंत ती बसून राहिली. तिला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटत होतं आणि वाटू नये असंही वाटत होतं. पाच गर्भांसाठी उपास करणाऱ्या बाईचा हिशेब कोणत्या गटात बसवायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

लालासाहेब निकालाला आले ते या वेळी पिशवीशिवाय. बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे आपल्याला कुणाकडून आलं असेल. आता तपासायला कुणी जिवंत नाही, बाई म्हणाल्या, सांगता येणार नाही.

"माजी आय लय बोलायची रंगूला," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीबी बोललो."

पुढचं राहीबाईनं नंतर जरिनाला सांगितलं. लालासाहेब घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. सून चुलीपाशी आहे हे दिसत असूनही बोलले. "तुजी पाच गेली ती माज्यापायी गेली." रंगूबाईनं भाकरी वाढली. मग म्हणाली, "इट्याला बैलगाडीनं गेला हुतासा. दोन दिस लागलं हुतं."

"म्हायती हाय."

"म्या भाकरी बांदून दिली हुती."

"व्हय," लालासाहेब म्हणाले. ताटावरनं ते उठले नाहीत, जेवलेही नाहीत. रंगूबाईनंही उठ म्हटलं नाही. त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. मग हळूहळू जास्त बोलू लागली, आणि राहीबाईच्या सांगण्याप्रमाणे त्यात पूर्वीपेक्षा शिव्या अधिक होत्या. लालासाहेब त्या ऐकून घेत. मनूला मात्र ते रोज संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत फिरवून आणू लागले. वाडीत कुणी काही विचारलं तर सांगत की नात आहे, माझ्याच रक्ताची.

मधल्या काळात जरिनाचं लग्न ठरलं, वाईच्या एका शाळामास्तराशी. त्यानं तिला काम विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यानं एक कागद बघायला मागितला. झुबेदाला हे फार विचित्र वाटलं. लग्नानंतर बदलीची खटपट करून मास्तर सांगलीला आला, ती गेली नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जगदाळे मंडळी पुन्हा आली, सगळीच. राहीबाईला मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा, गुटगुटीत, डोळे सरळ. तपासणीची घाई नव्हती, पण मानसिंगला कळून घ्यायचं होतं. जरिनानं बाळाच्या टाचेतनं रक्त घेतलं. बाळ रडलं, मनूही त्याच्यासोबत रडली, आणि दोघांना गप्प करायला लालासाहेबांनी फेटा काढून हातात दिला.

चार दिवसांनी सगळी निकालाला आली, तेव्हा पंचेचाळीस निघाली होती. बाळाला काही त्रास होणार नाही, बाई म्हणाल्या, बापासारखा आणि आज्यासारखाच राहील. मात्र मोठा झाल्यावर, लग्नाच्या आधी, त्याला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला हे सांगायला हवं.

मानसिंगनं विचारलं की कुणी सांगायचं, मी तर वर्षातले दहा महिने बाहेर असतो. राहीबाई नवऱ्याकडे बघत होती. लालासाहेब खिडकीबाहेर.

"म्या सांगीन," रंगूबाई म्हणाली. तिनं बाळाचं दुपटं घट्ट केलं. "पोरीच्या आयला बी सांगीन, समोर बसवून. तवर मरत न्हाई."

जरिनानं दुपट्याबाहेर राहिलेली टाच हातात घेऊन बघितली. सुईची खूण बुजली होती.